४८ रुपये फुटाचा हिशोब: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरच्या १ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

"गच्ची ३० बाय २५, म्हणजे ७५० फूट. बिल लावलं ८६० फुटांचं. दर ४८ रुपये. शेजाऱ्यांनी २२ रुपयांत दहा वर्षांच्या वॉरंटीसकट करून घेतलं. एवढे पैसे देऊन जुलैत बेडरूमच्या छताला ओल आली. फोन केला तर नऊ दिवसांनी आले आणि वर चूक आमचीच म्हणाले. सरळ लूट."

नमस्कार साहेब. यायला नऊ दिवस लागले, ही आमची चूक आहे आणि त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पाऊस सलग होता, चार ठिकाणी कामं अडकली होती, तरी दुसऱ्या दिवशी निदान बघून जायला हवं होतं.

पण 'लूट' हा शब्द लागला. कोल्हापुरात हेच काम करून घर चालवतो. लोक रिव्ह्यू वाचून फोन करतात, म्हणून हिशोब इथेच मांडतो.

आधी मापाचं. गच्चीची फरशी ७५० फूट, बरोबर. पण स्लॅब आणि कठडा जिथे मिळतात तो कोपरा सगळ्यात आधी गळतो. दोन्हींचं बांधकाम वेगळं, उन्हानं दोन्ही वेगवेगळे हलतात आणि तिथे केसाएवढी फट पडते. म्हणून कोपऱ्यात सिमेंट-पॉलिमरची वाटा, म्हणजे गोलसर भरणी, मारून कोट कठड्यावर एक फूट वर चढवावा लागतो. परातीला काठ नसेल तर पाणी कुठे थांबणार? तुमच्या गच्चीचा घेर ११० फूट, एक फूट उंची धरली की ११० फूट वाढले. ७५० आणि ११० मिळून ८६०. काम सुरू होण्याआधी कोटेशनवर हे लिहिलं होतं, टेप धरायला तुमचे चिरंजीवच होते.

आता दर. ८६० फूट म्हणजे ८० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक लिटर कोटिंग पसरलं की ओला थर एक मिलिमीटर होतो. पण त्यातलं पाणी उडून जातं. आम्ही वापरतो त्या मालात वाळल्यावर राहणारा भाग साधारण ५५ टक्के. म्हणजे वाळलेला एक मिलिमीटर थर हवा असेल तर चौरस मीटरला पावणेदोन लिटरच्या आसपास माल लागतो. तुमच्याकडे १४० लिटर गेला, २० लिटरचे सात डबे. थर किती जाड, हे डब्यांवरूनच कळतं. 'दोन कोट', 'तीन कोट' म्हणण्याला अर्थ नाही, कारण माल पातळ करून चार कोटही मारता येतात.

शेजारचं काम मी बघितलेलं नाही, त्यामुळे त्याला वाईट म्हणणार नाही. पण तुम्हीच सांगितलं की तिथे तीन डबे आले आणि दोन दिवसांत काम उरकलं. त्यांची गच्चीही तुमच्याएवढीच ७५० फूट धरली तर ७० चौरस मीटर. त्यावर ६० लिटर पसरला तर वाळल्यावर थर अर्धा मिलिमीटरही भरत नाही. खिशातलं एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं, त्यावरून अंदाज घ्या. स्लॅब दुपारी फुगतो, रात्री आकसतो. बारीक भेग उघडली की जाड थर ताणला जातो, पातळ थर तिथेच फाटतो. पहिल्या पावसाळ्यात दोन्ही गच्च्या सारख्याच दिसतील, फरक दोन-तीन उन्हाळ्यांनी कळतो.

तुमचं बिल ४१,२८० रुपये झालं. सात डबे ३,२०० रुपयांप्रमाणे २२,४००, म्हणजे फुटाला २६ रुपये. प्रायमर, भेगांत भरायचा माल, वाटेचं पॉलिमर आणि जाळी मिळून ४,३००, फुटाला ५. मजुरी चार दिवसांची, एक मिस्त्री १,००० हजेरीचा आणि दोन बिगारी ७०० चे, एकूण ९,६००, फुटाला ११. उरले ४,९८० रुपये, फुटाला सहाच्या आतच. त्यात टेम्पो, ग्राइंडर, आणि पाच वर्षं वॉरंटीसाठी मारायच्या खेपा. माझ्या घरी जे येतं ते यातूनच.

चार दिवस लागतात ते काही आम्ही रेंगाळतो म्हणून नाही. पहिल्या दिवशी तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडणं आणि भेगा ग्राइंडरनं उघडणं, यातच संध्याकाळ होते. दोन बिगारी गुडघ्यावर बसून काम करत होते, तेव्हा वहिनींनी त्यांना सरबत दिलं होतं, ते विसरलो नाही. भेग न उघडता वरून कोट मारला की धुळीवर बसतो आणि वर्षभरात पापडासारखा सुटतो. पुढे प्रत्येक कोट वाळायला चार ते सहा तास द्यावेच लागतात. ही मजुरी कमी केली की दर कमी होतो, हे खरं आहे.

ओल कुठून आली ते तुमच्यासमोर तपासलं होतं. पावसाने उघडीप दिली तेव्हा सोलर हीटरच्या स्टँडच्या पायांभोवती सिमेंटच्या मसाल्याचा छोटा बांध घालून फक्त तिथेच पाणी भरलं. संध्याकाळपर्यंत खालचा डाग वाढला. दुसऱ्या टोकाला आधल्या दिवशी असंच पाणी ठेवलं होतं, तिथे खाली छत कोरडं राहिलं. स्टँड आमच्या कामानंतर बसला आणि त्याचे बोल्ट कोट फोडून स्लॅबमध्ये गेले आहेत. तुमच्यावर ढकलायचं म्हणून नाही, जे दिसलं ते सांगितलं. बोलताना माझा आवाज चढला असेल, तर त्याची माफी.

आमच्या पाच वर्षांच्या वॉरंटीत आमचा माल आणि आमची कारागिरी येते. नंतर पाडलेली भोकं येत नाहीत, हे कागदावर आहे. शेजाऱ्यांच्या दहा वर्षांच्या कार्डाची मागची बाजू वाचायला सांगा. अशी कार्डं बहुधा डब्यातल्या मालाची असतात, आणि ठरलेल्या जाडीचा थर दिला असेल तरच लागू होतात. गळती झाली तर कोण येणार, कुणाच्या खर्चानं येणार, हे त्यावर आहे का ते बघा.

एक गोष्ट मात्र मी मानतो. काम संपल्यावर आठ दिवसांनी गच्चीत ४८ तास पाणी भरून दाखवायचं ठरलं होतं. मे महिन्यात टँकरचा खर्च नको म्हणून तुम्ही नाही म्हणालात आणि मीही सोडून दिलं. तिथे मी अडून बसायला हवं होतं. यापुढे त्याचं काहीतरी करतो. फोन उचलायलाही माणूस ठेवायचं बघतो आहे.

स्टँडचं काम मजुरी न घेता करून देतो. बोल्ट काढून भोकं भरायची, वर जाळीसह कोट द्यायचा आणि पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवायचे. ठोकळ्यांच्या वजनावरच स्टँड उभा राहतो, पुन्हा भोक पाडायची गरज नाही. सोलरवाल्याला त्या दिवशी बोलावून घ्या, पाईप तोच सोडवेल. दोन दिवस कोरडे मिळाले की आदल्या संध्याकाळी फोन करतो. रिकामे सातही डबे तुमच्या जिन्याखालीच ठेवले आहेत, तोवर एकदा मोजून घ्या.