प्रॅक्टिकल बुडलं तर मॅडमला ताप किती होता ते नका सांगू, बॅच सांगा

"मॅम काल बरं नव्हतं, प्रॅक्टिकल मिस झालं, आता काय करू?" असा मेसेज आला की मी पहिल्यांदा विचारते, रोल नंबर काय, बॅच कुठली. तुम्ही आजारी होता की एसटी बंद पडली यावर मी शंका घेतच नाही हो, मला फक्त तुम्हाला कुठे बसवायचं ते बघायचं असतं.

आमच्या केमिस्ट्री लॅबला एकच प्रयोग आठवडाभर चालतो, सोमवारी ए बॅच, मंगळवारी बी, असं करत. शेवटची बॅच झाली की लॅब असिस्टंट सोल्युशन्स टाकून पुढची तयारी करतात. त्यामुळे सोमवारी संध्याकाळी सांगितलंत तर बुधवारी बसवता येतं, पुढच्या सोमवारी सांगितलंत तर एकट्यासाठी परत सगळं कोण बनवणार?

आता मिथाइल अ‍ॅसिटेटच्या हायड्रोलिसिसचंच बघा. एस्टर अ‍ॅसिडमध्ये घातलं की घड्याळ सुरू, मग दर दहा मिनिटांनी ५ मिली मिश्रण काढून बर्फाच्या पाण्यात टाकायचं आणि NaOH ने टायट्रेट करायचं, शेवटी इन्फिनिटी रीडिंग. "मॅम माझं लेक्चर आहे, अर्ध्या तासाने येऊ का?" हे इथे चालतच नाही, कारण अर्ध्या तासानंतर आलात तर सुरुवातीची रीडिंग कुठून आणणार. म्हणून ज्या बॅचला तुमचं दुसरं काहीच आडवं येत नाही तीच मागा.

काही जण मागतच नाहीत, मित्राच्या जर्नलमधून रीडिंग उतरवतात, वर इन्फिनिटी रीडिंग तिसऱ्याच बॅचचं. प्रत्येक बॅचच्या NaOH ची नॉर्मॅलिटी थोडी वेगळी निघू शकते, मग कधी कधी इन्फिनिटीचा आकडा शेवटच्या रीडिंगपेक्षाच कमी येतो! वजा संख्येचा लॉग काढून दाखवा बरं एक्स्टर्नलला 😄

तर मेसेज असा हवा: "मॅम, मी एसवाय, ए बॅच, रोल नंबर १७. सोमवारचं हायड्रोलिसिसचं प्रॅक्टिकल बुडलं. बुधवारी सी बॅचच्या वेळेत मला लेक्चर नाही, त्या बॅचला बसू का? त्या सरांनाही विचारू का?" हे शेवटचं वाक्य फार कमी जण लिहितात, पण बॅच दुसऱ्या सरांची असेल तर त्यांचा होकार लागतोच, आणि आदल्या दिवशी कळलं तर ब्युरेटचा एक जादा सेट मांडून ठेवता येतो.

हजेरी त्या दिवशी त्या बॅचच्या मस्टरमध्ये लागते, तेव्हा जर्नलमध्ये तारीख बुधवारचीच घाला, सोमवारची नको, नाहीतर सही करताना माझी पंचाईत होते. आणि अ‍ॅप्रन आणा. अ‍ॅप्रन नसेल तर मेसेज कितीही झकास असला तरी मी आत घेत नाही.