सी वर्गाकडे ढुंकूनही बघू नका!

नवीन स्टोअर-इन्चार्ज मंडळींसाठी, आणि स्टोअर चालवून चालवून ज्यांना आता कशाचंच काही वाटत नाही अशा जुन्या मंडळींसाठीही, चार अनुभवाचे बोल. अनुभव ताजा आहे. गेले अडीच आठवडे मी, एक मेंटेनन्सवाला, तोच घेत होतो.

सगळ्यात आधी एबीसी करून टाका, म्हणजे स्टोअरमधल्या वस्तूंचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग पाडा. ऑडिटवाले विचारतातच. पद्धत अगदी सोपी: वस्तूंची यादी काढा, दराच्या रकान्यावर उतरत्या क्रमाने लावा, वरच्या चार ए, मधल्या बी, उरलेला कचरा सी. दराला वर्षाच्या खपाने गुणायचं असतं असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. गुणाकार कोण करत बसणार?

आमच्याकडे असंच झालं, म्हणून सांगतो. एक जादाचा गिअरबॉक्स आहे. पाच वर्षांतून एकदा लागतो. त्याचा दर एका ऑइल सीलच्या चारशेपट, त्यामुळे तो थाटात ए वर्गात. आठवड्याला त्याची मोजणी होते! कुलूप उघडायचं, आहे का बघायचं, "एक" असं लिहायचं, कुलूप लावायचं. शेडमध्ये एकाच जातीची दोनशे यंत्रं आहेत आणि त्यांना रोज तीन सील लागतात. तो सील सी वर्गात, कारण तो खिशात मावतो.

आता तो बाद ठरवलेला गुणाकार मी करतो. चारशे सीलच्या किमतीचा गिअरबॉक्स पाच वर्षांत एक, म्हणजे वर्षाला ऐंशी सीलएवढा पैसा. सील रोज तीन आणि कामाचे दिवस तीनशे, म्हणजे वर्षाला नऊशे. खिशात मावणारी वस्तू गिअरबॉक्सच्या अकरापट पैसा खाते. पण तिचा दर कमी ना! मग असू द्या सी.

दुसरा सल्ला रिऑर्डर लेव्हलचा, म्हणजे साठा किती उरला की नवी ऑर्डर टाकायची त्या आकड्याचा. ती एकदाच ठरवायची असते, बारशाच्या नावासारखी. आमच्या सीलची लेव्हल वीस. ठरवली तेव्हा रोज दोन सील लागत आणि पुरवठादार दहा दिवसांत माल देई. दोन गुणिले दहा, वीस. तेव्हाही त्यात सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठीचा जादा साठा, नव्हता, पण ते जाऊ दे. पुढे यंत्रं जुनी झाली, रोजचा खप तीनवर गेला. पुरवठादार अठरा दिवस घ्यायला लागला. लेव्हल वीसच. वीसला ऑर्डर टाकली तर माल सातव्या दिवशी संपतो आणि नवा येतो अठराव्या दिवशी. लागणार चोपन्न, हातात वीस. हे गणित करायला कॉम्प्युटर लागत नाही, पण आमच्याकडे कॉम्प्युटर आहे आणि त्यात वीस भरलेले आहेत, त्यामुळे विषय संपला.

येऊ घातलेला माल शिलकीत धरायचाच असतो, तेव्हा दोन वर्षांपूर्वीची, कधीच न आलेल्या मालाची परचेस ऑर्डर बंद करू नका. शिलकीत ती मिळवली की कुठलीही वस्तू लेव्हलच्या खाली जात नाही आणि अलार्म वाजून कुणाची झोपमोड होत नाही.

रात्रपाळीच्या इश्यू स्लिपा महिनाअखेरीस एकदम चढवा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: स्वच्छता राखा. सी वर्गासाठी पूर्वी आमच्याकडे दोन डब्यांची पद्धत होती. पुढच्या डब्यातून माल काढायचा. तो रिकामा झाला की मागचा डबा पुढे ओढायचा, त्याच्या तोंडावर बांधलेलं लाल कार्ड सोडायचं आणि परचेसच्या खोक्यात टाकायचं. मागच्या डब्यात रिऑर्डर लेव्हलएवढाच माल. रजिस्टर नको, मोजणी नको, निरक्षर माणसालाही जमेल. ज्या वस्तूकडे रोज बघायला वेळ नाही तिच्यासाठी यापेक्षा शहाणी युक्ती मी पाहिलेली नाही. मग स्वच्छता मोहीम आली. फोटो काढायचे होते. एकाच वस्तूचे दोन डबे दिसायला बरे दिसत नाहीत म्हणून कुणीतरी मागचा डबा पुढच्यात ओतला. कार्ड? कार्ड मळकं होतं हो! फेकलं. रॅकला नवा रंग दिला, डब्याला छापील लेबल लावलं, मोहिमेत बक्षीसही मिळालं असेल. आणि त्या चकचकीत डब्यातून फिटर सील काढत राहिले, काढत राहिले, आणि एका सकाळी फिटरची बोटं तळाला लागली तेव्हा आत आठ होते. वीस नाही, आठ! त्या सकाळी ऑर्डर गेली. आठ सील तीन दिवससुद्धा पुरले नाहीत. पुढचे पंधरा दिवस रोज यंत्रं बंद पडत गेली, आणि शेवटी चाळीसच्या वर यंत्रं ओळीने उभी होती. बंद यंत्रातला बरा सील काढून दुसऱ्यात बसवायचा खेळही आम्ही केला. काढलेल्या सीलची ओठाची कड फाटते आणि तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गळतो, हे माहीत असूनही केला. कारण वरून फोन येत होते. मी तातडीच्या खरेदीचा अर्ज दिला. तो परत आला. त्यावर शेरा होता: "सी वर्ग. तातडी लागू नाही."

त्या अवधीत गिअरबॉक्सची मोजणी दोनदा झाली. एक भरला.

बस. आता सल्ला नाही, सरळ बोलतो. अहो, 1951 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या फोर्ड डिकी यांनी हे एबीसी मांडलं ते माणसाचं लक्ष कुठे खर्चायचं हे ठरवण्यासाठी. ए वर्गात पैसा अडकतो, म्हणून तिथे साठा कमी ठेवायचा आणि नजर जास्त. सी वर्गात नजर कमी ठेवायची असेल तर साठा भरपूर ठेवायचा. नजर कमी आणि साठाही कमी, हा तुमचा शोध आहे. आणि एबीसी फक्त पैसा बघतं. वस्तू नसली तर काय बंद पडेल हे त्याला कळत नाही. ते तुम्हाला कळायला हवं, त्यासाठी वेगळी यादी लागते, आणि ती करायला स्टोअरच्या खुर्चीतून उठून शेडमध्ये यावं लागतं.

माझा सील खरं तर बीमध्ये जायला हवा. तुम्हाला तो सीमध्येच ठेवायचा असेल तर ठेवा, पण लेव्हल बदला. जास्तीत जास्त खप रोज चार, जास्तीत जास्त लीड टाइम वीस दिवस, म्हणजे ऐंशी. सरासरी चोपन्नावर सव्वीसचा सेफ्टी स्टॉक झाला. दोन्ही गोष्टी एकदम टोकाला जाणं क्वचितच होतं, म्हणून महागड्या ए वस्तूला हे सूत्र लावू नका, पैसा उगाच अडकेल. पण इथे अडकून अडकून किती अडकणार? ऐंशी सील म्हणजे त्या कुलूपबंद गिअरबॉक्सचा पाचवा हिस्सा! आणि दर सहा महिन्यांनी शेवटच्या चार-पाच पावत्या काढा, ऑर्डरची तारीख आणि माल आल्याची तारीख समोरासमोर ठेवा, आणि आकडा पुन्हा काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरा डबा शोधायची गरज नाही. तो तुमच्या टेबलावर आहे, पेनं ठेवलीत त्यात. पेनं खिशात घाला आणि डबा रॅकवर नेऊन ठेवा, आजच.