१९८०० मिळवायचे, पण साठवताना नाही

“आपलं अ‍ॅप फक्त भारतात चालतं. भारतात एकच वेळ आहे, घड्याळ मागेपुढे करायची भानगड नाही. मग यूटीसी कशाला? टाइमस्टॅम्पमध्ये साडेपाच तासांचे १९८०० सेकंद मिळवा आणि आयएसटीच डेटाबेसमध्ये टाका. डोक्याला ताप नाही.”

हा सल्ला तपासण्याआधी टाइमस्टॅम्पचा आकडा मुळात काय मोजतो ते बघू. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, एवढंच तो सांगतो. मध्यरात्र कुठली, तर यूटीसीची. लीप सेकंद त्यात धरत नाहीत, म्हणून दर दिवस बरोबर ८६,४०० सेकंदांचा होतो आणि हिशेब कागदावरही जमतो.

`1735675200` घ्या. ८६,४०० ने भागले की २०,०८८ पूर्ण दिवस येतात आणि ७२,००० सेकंद उरतात, म्हणजे २० तास. १९७० ते २०२४ या ५५ वर्षांत १४ लीप वर्षं आली, म्हणून एकूण दिवस २०,०८९. आपल्याकडे एक दिवस कमी आहे, तेव्हा तारीख ३१ डिसेंबर २०२४, वेळ रात्रीचे आठ, यूटीसी. त्यात साडेपाच तास मिळवले की भारतात १ जानेवारी २०२५, पहाटेचा दीड. क्षण तोच, पण तारीख, महिना आणि वर्ष तिन्ही बदलले. लिनक्सवर पडताळून बघा:

```
TZ=UTC date -d @1735675200
TZ=Asia/Kolkata date -d @1735675200
```

दोन्ही ओळींत आकडा एकच आहे. टाइमझोन आकड्यात नसतो, तो वाचणाऱ्याकडे असतो, आणि सल्ला नेमका इथेच घसरतो. साठवतानाच `19800` मिळवलेत तर आकडा `1735695000` होतो. त्याच्यावर “यात भर घातली आहे” अशी चिठ्ठी कुठेच लागत नाही. ब्राउझर, फोन, रिपोर्ट काढणारी लायब्ररी, सगळे त्याला खरा युनिक्स टाइमस्टॅम्प समजतात आणि भारतात असल्यामुळे आपले साडेपाच तास पुन्हा मिळवतात. पहाटे दीडची ऑर्डर सकाळी सातला दिसते. मी एकदा हे दोन दिवस शोधत बसलो होतो. सर्व्हरचं घड्याळ बिघडलंय असंच सगळे म्हणत होते. घड्याळ बिघडलं तर चूक काही सेकंद-मिनिटांची असते, किंवा वाढत जाते. फरक बरोबर साडेपाच तासांचा असला की घड्याळाला दोष देऊ नका; कोणीतरी दोनदा मिळवलंय किंवा एकदाही मिळवलेलं नाही. (पडद्यावर जानेवारी १९७० दिसला तर तो वेगळा घोळ. जावास्क्रिप्टला मिलिसेकंद हवे असतात, तुम्ही सेकंद दिलेत.)

आकड्याऐवजी `2025-01-01 01:30:00` असा मजकूर ठेवला तर? माहिती हरवत नाही, हे कबूल. आपला फरक ठरलेला आहे. न्यूयॉर्कमध्ये मात्र २ नोव्हेंबर २०२५ ला रात्रीचा दीड दोनदा वाजला, कारण दोन वाजता घड्याळं एक तास मागे घेतली गेली. त्या दिवशी नुसतं “दीड” लिहिणाऱ्याला कुठला दीड ते परत कधीच कळणार नाही. आपल्याला हा त्रास नाही, पण आपण ज्या लायब्ऱ्या वापरतो त्या तो त्रास गृहीत धरूनच लिहिलेल्या असतात, आणि त्या आपल्या मजकुराला यूटीसी किंवा मशिनची स्थानिक वेळ मानतात. क्लाउडवरचा सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर असतो. ऑफिसातल्या मशिनवर चालणारा कोड तिथे गेला की साडेपाच तासांनी सरकतो.

शेवटी “आयएसटी” लिहून ठेवलं तरी भागत नाही. ही तीन अक्षरं इस्रायलचीही आहेत. पोस्टग्रेसक्यूएलच्या संक्षेपांच्या मूळ यादीत `IST` म्हणजे इस्रायलची वेळच आहे. म्हणून `Asia/Kolkata` लिहायचं. या नावामागे इतिहासाची नोंदही असते. भारतात कधी घड्याळ हललंच नाही असं नाही. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, ते एक तास पुढे होतं. त्या काळातल्या क्षणाला डोळे मिटून १९८०० लावले तर उत्तर तासाने चुकतं.

सल्ला देणाऱ्याची एक अडचण मात्र खरी आहे. यूटीसीत साठवल्यावर “आजची विक्री” काढताना नुसत्या तारखेवर गट पाडले, तर दिवस पहाटे साडेपाचला बदलतो आणि मध्यरात्रीनंतरच्या ऑर्डरी कालच्या खात्यात जातात. त्यावर उपाय क्वेरीत आहे: आधी `Asia/Kolkata` मध्ये रूपांतर, मग तारीख. भारताचा १ जानेवारी २०२५ म्हणजे `1735669800` पासून पुढचे ८६,४०० सेकंद.

आणि सगळंच यूटीसीत कोंबू नका. जन्मतारीख हा क्षण नाही, ती नुसती तारीख म्हणूनच ठेवा. पुढच्या वर्षी लंडनमध्ये सकाळी दहाची भेट ठरली असेल, तर स्थानिक वेळ आणि `Europe/London` दोन्ही लिहून ठेवा. तिथल्या सरकारने दरम्यान नियम बदलले तरी माणसं तिथल्या दहालाच भेटतील, आज काढून ठेवलेला आकडा मात्र चुकलेला असेल.