नाशिक सेंटर म्हणजे नाशिकात नेमकं कुठे?

परवा आईचा शिरपूरहून फोन आला. धाकट्या भावाचं सीईटीचं हॉलतिकीट आलंय, सेंटर नाशिक. "मागच्या वेळी थांबलो होतो तिथेच लॉज बघून ठेव," म्हणाली. मी म्हटलं, आई, आधी पत्ता वाच. नाशिक लिहिलंय ते सोड, त्याच्या खालची ओळ वाच.

हे इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे माझी पहिली सीईटी. बारावीच्या वर्षी मी आणि आई दोघीच आलो होतो. नाशिक म्हटल्यावर आईच्या डोळ्यांसमोर रामकुंड. पेपरच्या आदल्या दिवशी दर्शन होईल, पंचवटीत स्वस्तात खोलीही मिळेल, असा तिचा साधा हिशेब. खोली मिळालीही. माझं सेंटर मात्र महिरावणीला होतं, त्र्यंबक रोडवर, सीबीएस बसस्टँडपासून साधारण १५ किलोमीटर. म्हणजे आम्ही नदीच्या एका बाजूला झोपलो आणि पेपर पार शहराच्या पलीकडे, सातपूरच्याही पुढे. रात्री मोबाईलवर रस्ता पाहिला तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर दिसलं आणि आम्ही निश्चिंत झालो. रात्री दहा वाजता रिकाम्या रस्त्याची वेळ पाहून सकाळचा अंदाज बांधला, ही आमची पहिली चूक.

दुसरी चूक खोली घेतानाच झाली होती. काउंटरवर ओळखपत्र मागितलं, आईने पर्समधून माझं मूळ आधार कार्ड काढून दिलं आणि त्या माणसाने ते "सकाळी न्या" म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलं. पहाटे साडेपाचला आम्ही आवरून खाली आलो, तर काउंटर बंद, माणूस झोपलेला, मालकाचा फोन लागेना. सेंटरवर मूळ ओळखपत्र लागतं, झेरॉक्स चालत नाही. आईने शटर वाजवून वाजवून कुणाला तरी उठवलं, तोवर सव्वासहा झाले होते. त्यानंतर रिक्षा. दोन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं, तिसरा तयार झाला पण परतीचे पैसेही मागितले. त्याचंही चुकीचं नव्हतं, त्या वेळी तिकडून भाडं मिळत नाही. वाटेत पोरांना सोडायला निघालेल्या गाड्यांची रांग लागलेली. हॉलतिकिटावर रिपोर्टिंग साडेसातचं होतं आणि गेट ८:४५ ला बंद होणार होतं. आम्ही पोचलो ८:२५ ला. मी आत गेले खरी, पण पहिला अर्धा तास प्रश्न नुसते वाचत होते, डोक्यात काही शिरत नव्हतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मुक्काम सेंटरच्या बाजूलाच करायचा. बसस्टँडजवळ नाही, देवळाजवळ नाही, "ओळखीचा लॉज आहे" म्हणून तर मुळीच नाही. नाशिक लांबट पसरलंय. आडगाव आग्रा रोडला, महिरावणी त्र्यंबक रोडला, नाशिकरोड स्टेशन सीबीएसपासून नऊ-दहा किलोमीटरवर पुणे रोडच्या अंगाला. हे तीन कोपरे एकमेकांशी जोडायचे तर गाव ओलांडावं लागतं, आणि द्वारका चौकात गर्दीच्या वेळी किती खोळंबा होतो ते इथे राहणाऱ्यांना विचारा.

आणखी एक गोष्ट. इथे एकाच संस्थेची चार-पाच कॉलेजं असतात, वेगवेगळ्या ठिकाणी. मॅपवर नुसतं संस्थेचं नाव टाकलं की तो आधी मोठा, प्रसिद्ध कॅम्पस दाखवतो. हॉलतिकिटावरचा पूर्ण पत्ता आणि पिनकोड जुळवूनच पाहायचं. ४२२००३ म्हणजे पंचवटीकडचं, ४२२१०१ म्हणजे नाशिकरोड. नाव जुळलं आणि पिन जुळला नाही, तर थांबायचं आणि पुन्हा बघायचं.

रिपीटच्या वर्षी माझं सेंटर आडगावच्या बाजूला आलं. शिरपूर-नाशिक एसटी मालेगाव, चांदवड, पिंपळगाव, ओझर करत येते, म्हणजे शहरात शिरण्याआधीच आडगाव लागतं. आम्ही आदल्या दिवशी दुपारी निघालो आणि बसमध्ये चढतानाच कंडक्टरला विचारून ठेवलं. आडगावला उतरून आधी थेट सेंटरच्या गेटपर्यंत गेलो. सामानासकट. गेट कुठलं, रिक्षा कुठे सोडते, समोर चहाची टपरी आहे का, सावली आहे का, हे सगळं आईने स्वतः पाहिलं. मग अमृतधामच्या बाजूला खोली घेतली. या वेळी काउंटरवर आधारची झेरॉक्स दिली, मूळ कार्ड हॉलतिकिटाच्या पाकिटातून बाहेरच काढलं नाही. सकाळच्या रिक्षावाल्याचा नंबर आदल्या संध्याकाळीच घेतला. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी गेटसमोर उभी होते आणि हात थंड पडलेले नव्हते.

आता ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते. पोरगी आत गेल्यावर आई काय करते? तीन तासांचा पेपर, पण रिपोर्टिंगपासून धरलं तर आई बाहेर साडेचार-पाच तास असते. एप्रिलचं ऊन. महिरावणीला माझी आई रस्त्याकडेला बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. बाथरूमला कुठे जायचं हे माहीत नाही म्हणून सकाळपासून पाणी प्यायली नव्हती, हे तिने मला घरी गेल्यावर सांगितलं. माझा अजूनही जीव कळवळतो. त्यात माझा मोबाईल तिच्याकडे, तिच्या मोबाईलची बॅटरी संपलेली, आणि पेपर सुटल्यावर शेकडो पोरं एकदम बाहेर. एकमेकींना शोधायला चाळीस मिनिटं गेली. पोरीकडे फोन नसतोच, त्यामुळे "बाहेर आल्यावर फोन कर" याला काही अर्थ नाही. भेटायची जागा आत जायच्या आधी बोट दाखवून ठरवायची. गेटपासून थोडी लांबची बरी, कारण गेटवर कोणी उभं राहू देत नाही.

दुसऱ्या वेळी खोली आम्ही दुपारपर्यंत ठेवली. मला सोडून आई परत खोलीवर गेली, पोळी-भाजी खाल्ली, पडली आणि साडेअकराला पुन्हा आली. आणखी अर्ध्या दिवसाचे पैसे गेले. जाऊ देत.

दर्शनाचं म्हणाल तर पेपर झाल्यावर. सकाळची शिफ्ट बाराला संपते, मग आडगावहून तपोवन, काळाराम, रामकुंड एकाच बाजूला होतं आणि संध्याकाळी सीबीएसवरून गाडी मिळते. मुक्तिधाम त्याच फेरीत बसवू नका, ते नाशिकरोडला आहे. महिरावणीचं सेंटर असेल तर त्र्यंबकेश्वर पुढे साधारण तेवढंच अंतर उरतं, मोह होतोच. पण शनिवार-रविवार किंवा सोमवार असेल तर दर्शनाच्या रांगेत परतीची बस जाईल.

भावाचा पत्ता आईने वाचून दाखवला. पिन ४२२१०१. म्हणजे अमृतधामची ती खोली यंदा उपयोगाची नाही. शिफ्ट दुपारची आहे, तरी पहाटे शिरपूरहून निघून पाच तासांच्या प्रवासानंतर थेट पेपरला बसायचं हे मला पटत नाही. आदल्या दिवशी द्वारकेला उतरायचं, तिथून शेअर रिक्षाने नाशिकरोड, मुक्काम स्टेशनजवळ. मी उद्या संध्याकाळी जाऊन गेट बघून येणार आहे. आणि आईला बसायला सावली कुठे आहे तेही.