बेबी नक्की कोण?

हल्ली कुणीही जुन्या रेडिओबद्दल लिहायला बसलं की एक वाक्य हमखास येतं, ‘तेव्हा मुलं मुलींना रेडिओवरून गाणी डेडिकेट करायची.’ आम्ही इंदूरच्या रामबागेत त्याच काळात वाढलो, म्हणून सांगते, असं काही नव्हतं. ‘हे गाणं अमकीसाठी’ असं विविध भारती कधी म्हणायची नाही, कोलंबोचं रेडिओ सिलोनही नाही. निवेदक वाचायचा ती गाणं मागणाऱ्यांची नावं. ज्याच्यासाठी मागितलं त्याला त्या यादीत जागाच नव्हती. ‘अमुककडून तमुकला’ हे फोनवाल्या एफएमचं खूळ. रेडिओ मिर्चीचं पहिलं स्टेशन 2001 मध्ये आमच्या इंदुरातच निघालं. तोवर आमची मुलं कॉलेजच्या वयाला आली होती.

मग प्रेमवीर काय करायचे? मुलीचं नाव मागणाऱ्यांतच घुसवायचे. पण नुसतं ‘तो आणि ती’ लिहिलं तर दुसऱ्या दिवशी वाड्यात महाभारत. म्हणून गर्दी करायची. स्वतःचं नाव, भावाचं, दोन मित्रांची, आणि सगळ्यांत शेवटी, सहज राहून गेल्यासारखं, तिचं घरातलं लाडाचं नाव. गर्दीला खर्चाचंही कारण होतं. विविध भारतीला साधं पोस्टकार्ड चालायचं, पण कोलंबोला पत्र म्हणजे परदेशी टपाल, त्याला तिकीट कितीतरी जास्त. चौघांनी वर्गणी काढली की चौघांची नावं आपोआप यायची. पाचवं कुणाचं, हे कोण विचारतंय?

आमच्याकडे मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवल्यावर तो तापायला वेळ घ्यायचा, मग स्टेशन नीट लागलं की दाखवणारा हिरवा डोळा हळूहळू मिटत यायचा. ओसरीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीच्या पट्टीची एरियल ताणलेली, तिच्यावर चिमण्या बसायच्या आणि आजी त्यांना हाकलायची. सकाळी साडेसातला सिलोनवर जुनी गाणी, शेवटचं सैगलचं. ते संपलं की आठ, म्हणजे फर्माइशींचा ‘आप ही के गीत’. आई माझ्या वेण्या घालायची ती याच वेळेला. 1972 मध्येच सिलोनचं श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन झालं होतं, पण आमच्या घरात शेवटपर्यंत ‘सिलोन लाव गं’ असंच.

सिलोन यायचं शॉर्टवेव्हवर, आणि शॉर्टवेव्हचा एक स्वभाव असतो. आवाज लाटेसारखा येतो, अगदी कानाशी, आणि मग कुणी ओढून न्यावा तसा मागे जातो. गाणं चालू असताना हे झालं तर बिघडत नाही, चाल आपल्याला पाठ असते. पण नावं गाण्याच्या आधी वाचायचे, एकदाच, भराभर. तेवढ्यात लाट मागे गेली की गेलं. शिवाय आपलं पत्र कधी लागेल, लागेल की नाही, काही कळायचं नाही. म्हणून पाठवणारा रोज आठला रेडिओशी. जिला चाहूल असेल तीही रोज आठला रेडिओशी. डेडिकेशनपेक्षा मला हेच मोठं वाटतं. दोन घरांत दोघं महिना-महिना एकाच वेळी कान लावून बसायची, आणि एकमेकांशी अक्षर बोलायची नाहीत.

1978 च्या थंडीतली गोष्ट. दुसरी वेणी अर्धी झाली होती. ‘इंदौर से...’ ऐकलं आणि मी मान वळवली, आईने चापट मारून सरळ केली. पुढे नुसती खरखर. दोन-तीन नावं त्यात बुडाली, आणि आवाज परत आला तो थेट ‘...और बेबी’ वर. मग गाणं. कुठलं ते सांगत नाही, त्याच्या अर्थात शंकेला जागा नव्हती एवढंच सांगते.

माझं घरातलं नाव बेबी. आईचा हात थांबला. पण आमच्या वाड्यात बेबी तीन होत्या! मी, समोरच्या घरातली, आणि जिन्याखालच्या काकूंची, ती चार वर्षांची. आईने क्षणभर विचार केला आणि रिबन आवळत म्हणाली, ‘समोरचीचं दिसतंय.’ समोरच्या काकूही त्याच वेळी आपल्या मुलीला ‘पलीकडचीचं असेल’ म्हणाल्या, हे मला पुढे कळलं.

वरच्या मजल्यावरचा मुलगा त्या दिवशी नळावर भेटला तेव्हा बादली भरून वाहत होती तरी त्याचं लक्ष नव्हतं. पण नळावर समोरचीही होती. तो नक्की कुणाकडे बघत नव्हता, हे आजही सांगता येणार नाही.

समोरची बेबी आता सुदामानगरात राहते. दिवाळीला आम्ही भेटतो. ते गाणं कधी लागलं की दोघी एकदम गप्प होतो, आणि मग ती म्हणते, ‘चहा टाकू का गं?’