‘चार आरओसी जोडा, टॉप पाच घ्या’: या फॉरवर्डचा हिशेब

“प्रत्येक कॉइनचा 7, 14, 30 आणि 90 दिवसांचा आरओसी काढा, चारही आकडे जोडा, मोठ्यापासून लहान अशी यादी लावा. वरचे 5 कॉइन सगळ्यात जोरात ॲक्सिलरेट होतायत. चारही लुकबॅक हिरवे म्हणजे चार वेगवेगळे पुरावे! दर रविवारी रात्री 10 ला यादी काढा, बाहेर पडलेले विका, नवे घ्या. विद्यापीठाच्या संशोधनात सिद्ध झालेली पद्धत. सगळ्यांना पाठवा.”

क्रिप्टोचा हा फॉरवर्ड नुसता ग्रुपवर फिरत होता तोवर मी गप्प होतो. पण आता मुलुंडचा माझा मावसभाऊ नोकरी सोडताना मिळालेले पैसे यात घालायला निघालाय. वर मलाच ऐकवतो, “दादा, यात भावना नाहीत, फक्त गणित आहे.” बरं बाबा, गणितच बघू.

आरओसी म्हणजे आजचा भाव जुन्या भावाच्या किती टक्के वर किंवा खाली आहे, एवढंच. किती दिवस मागे बघायचं, तो लुकबॅक.

```
आरओसी = (आजचा भाव / n दिवसांपूर्वीचा भाव - 1) × 100
```

हा झाला वेग. ॲक्सिलरेशन म्हणजे वेगातला बदल. नववीच्या विज्ञानात वेग आणि प्रवेग वेगवेगळे शिकवले होते ते उगाच नाही. चार वेगांची बेरीज केली म्हणून प्रवेग मिळत नाही. समजायला दोन काल्पनिक कॉइन घेऊ. ‘अ’चा भाव 90 दिवसांपूर्वी 100 होता, 30 दिवसांपूर्वी 180, 14 दिवसांपूर्वी 196, 7 दिवसांपूर्वी 198 आणि आज 200 आहे. ‘ब’ त्याच तारखांना 100, 90, 94, 100 आणि आज 112.

फॉरवर्डच्या रीतीने ‘अ’चे आरओसी येतात 1, 2, 11 आणि 100, बेरीज साधारण 114. ‘ब’चे 12, 19, 24 आणि 12; बेरीज 67 च्या आसपास. म्हणजे यादीत ‘अ’ वर, ‘ब’ खाली. आता तेच भाव एकमेकांवर न चढणाऱ्या तुकड्यांत पाहा आणि प्रत्येक तुकड्याची वाढ त्याच्या दिवसांनी भागा. ‘अ’ पहिल्या 60 दिवसांत रोज सरासरी 1.33 टक्के चढला, पुढच्या 16 दिवसांत 0.56, मग 0.15 आणि शेवटच्या आठवड्यात 0.14. ‘ब’ आधी रोज 0.17 टक्के घसरत होता, मग 0.28 ने चढला, मग 0.91 ने आणि आता 1.71 ने. (काटेकोर काम करायचं तर साध्या टक्क्यांऐवजी लॉग घ्यावा, इथे क्रम बदलत नाही.) वेग पकडतोय तो ‘ब’. ‘अ’ तर केव्हाच दमलाय, आणि मेसेज त्यालाच डोक्यावर घेऊन नाचतोय. कारण सरळ आहे: 90 दिवसांचा आकडा स्वभावतःच मोठा असतो आणि बेरजेत बाकीच्या तिघांना गिळून टाकतो. जोडायचेच असतील तर आधी प्रत्येक लुकबॅकमध्ये कॉइनचा क्रमांक काढा आणि क्रमांकांची सरासरी घ्या. ज्याने ही यादी बनवली त्याला एवढंही सुचलं नाही.

पण खरा कहर आहे तो ‘चार पुरावे’ हा. शेवटचे 7 दिवस 14 मध्ये आहेत, 14 दिवस 30 मध्ये आणि 30 दिवस 90 मध्ये. एखादा कॉइन तीन महिने 100 वर झोपून होता, मंगळवारी कुठल्याशा एक्सचेंजवर लिस्ट झाल्याची बातमी आली, भाव 140 झाला आणि तिथेच बसला. बुधवारी चारही आरओसी 40 टक्के, चारही हिरवे, बेरीज 160, कॉइन थेट यादीच्या माथ्यावर. घटना किती? एक. सोसायटीच्या सभेत एकाच माणसाने चार वेळा हात वर करावा आणि सेक्रेटरीने चार मतं लिहून घ्यावीत, तसला हा प्रकार.

गंमत पुढे आहे. आठव्या दिवशी 7 दिवसांचा आरओसी धाडकन शून्यावर येतो. त्या दिवशी बाजारात काहीही झालेलं नसतं, फक्त जुना 100 चा भाव खिडकीबाहेर गेलेला असतो. यादी म्हणते ‘जोर ओसरला’, आणि आपला मावसभाऊ विकायला धावणार. हे ओळखायचं कसं? आरओसी बदलला की आजचा भाव हलला की मागचा आकडा गळला, एवढं चार्टवर बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

संशोधनाचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करतो. ल्यू, त्सिव्हिन्स्की आणि वू यांचा पेपर 2022 मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये आला आणि त्यात क्रिप्टोतला मोमेंटम, म्हणजे वर गेलेलं पुढेही वर जात राहण्याचा कल, खरोखर सापडलाय. पण तो सापडला 1 ते 4 आठवड्यांच्या लुकबॅकवर. त्याहून लांबच्या कालावधींत ठोस काही हाती लागलं नाही. म्हणजे बेरजेत दादागिरी करणारा 90 दिवसांचा आकडा नेमका बिनआधाराचा. शिवाय परिणाम मोठ्या कॉइनमध्ये दिसला, छोट्यांत नाही, आणि असल्या यादीच्या माथ्यावर बहुतेक वेळा छोटेच कॉइन उड्या मारत असतात. आणि तिथला नफा वर गेलेले घेऊन पडलेले शॉर्ट करण्याचा, म्हणजे उसने घेऊन विकण्याचा होता. आपण निम्मंच काम करणार, तेही फी भरून.

आता ज्याने खिसा कापला जातो ते. भारतात एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, वर 4 टक्के सेस, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. या आठवडी अदलाबदलीत वर्षभरात काही सौद्यांत 40,000 मिळाले आणि काहींत 30,000 गेले, तर हातात 10,000. कर मात्र 40,000 वर: 12,480 रुपये. पद्धत ‘चालली’ तरी माणूस 2,480 ने खड्ड्यात. शिवाय जुलै 2022 पासून विक्रीच्या पूर्ण रकमेवर 1 टक्का टीडीएस आहे, नफा असो वा तोटा. दर आठवड्याला निम्मी गुंतवणूक बदलली, तर भाव अजिबात न हलताही 52 आठवड्यांनी 1 लाखातले सुमारे 77,000 च खेळते राहतात. बाकीचे रिटर्नमध्ये मिळतील, पण तोवर अडकून. मध्ये डॉलरला बांधलेला यूएसडीटी हा कॉइन घेतलात तर तेही हस्तांतरच, म्हणजे टीडीएस दोनदा.

राहिली रविवार रात्री 10 ची वेळ. बहुतेक चार्टवर क्रिप्टोची रोजची कँडल, म्हणजे दिवसभराच्या भावाची पट्टी, यूटीसी या जागतिक वेळेने मध्यरात्री बंद होते, म्हणजे आपल्याकडे पहाटे 5:30 ला. रात्री 10 ला काढलेली यादी अर्धवट कँडलवरची असते. विश्वास नसेल तर एकदा रात्री 10 ला आणि एकदा सकाळी साडेपाचनंतर, अशी दोनदा काढून पाहा. पाचव्या, सहाव्या नंबरवरच्यांची अदलाबदल झालेली दिसली, तर रात्री नेमकं काय विकलं आणि कशासाठी, ते ग्रुपवर फॉरवर्ड टाकणाऱ्यालाच विचारा.