पिन विसरलात? फोन रिस्टार्ट करू नका

"फोनचं लॉक विसरलात? टेन्शन नको. 1) फोन रिस्टार्ट करा, मुद्दाम पाच वेळा चुकीचा पॅटर्न टाका, खाली Forgot pattern येईल, तिथे जीमेल टाका. 2) नाही जमलं तर Emergency call मध्ये *#*#7780#*#* डायल करा. 3) दुसऱ्या फोनवरून गूगलच्या Find Hub मध्ये जाऊन नवा पासवर्ड लावा. 4) लॅपटॉपवरच्या अनलॉक सॉफ्टवेअरने डेटा न जाता लॉक निघतं. 5) शेवटी रिसेट मारा, सगळं गूगलवर असतंच. सर्वांना पाठवा."

हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला तो नेमका आत्या पिन विसरली त्या आठवड्यात. तिने बुधवारी रात्री नऊच्या सुमारास चार आकडी पिन बदलून सहा आकडी केला. गुरुवारी सकाळपासून तो काही आठवेना. फोन मात्र बोटाने उघडत होता. साताऱ्याहून तिचा फोन आला तेव्हा मी पहिलं वाक्य बोललो ते हे: "आत्या, काहीही कर, पण फोन बंद करू नकोस."

कारण मेसेजमधला पहिलाच सल्ला सगळ्यात घातक आहे. आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये तुमच्या फाइली कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असतात आणि त्या कुलपाची किल्ली तुमच्या पिनशी बांधलेली असते. फोन सुरू केल्यावर एकदा पिन टाकला की ती किल्ली फोनच्या चालू मेमरीत राहते. त्यानंतर बोट लावून आपण फक्त पडदा उघडतो. फोन रिस्टार्ट झाला की किल्ली मेमरीतून जाते आणि मग बोट, चेहरा काही चालत नाही, फक्त पिन. ही अवस्था ओळखायची एक साधी खूण आहे. अशा फोनवर ओळखीच्या माणसाचा फोन आला तरी नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो, कारण फोनला स्वतःचीच संपर्कयादी वाचता येत नसते.

बोट चालतंय तोवर हातात वेळ आहे, पण तो मोजका आहे. शेवटचा पिन टाकल्यापासून 72 तासांनी अँड्रॉइड एकदा तरी पिन मागतोच. आत्याने नवा पिन बुधवारी रात्री नऊला टाकला होता, म्हणजे शनिवारी रात्री नऊची वेळ. काही फोन त्याआधीही मागतात, म्हणून आम्ही शुक्रवार संध्याकाळ हीच मुदत धरली. तोवर पाळायच्या गोष्टी मी तिला फोनवरच सांगितल्या. चार्जर लावूनच ठेव, बॅटरी संपून फोन बंद पडला तरी तो रिस्टार्टच. अपडेट आलं तर नको म्हण. पॉवरचं बटण दाबून जो मेनू येतो त्यात Lockdown असेल तर त्याला चुकूनही हात लावू नकोस, त्याने बोट लगेच बंद होतं. आणि बोट धुऊन, पुसून लाव. पाचदा बोट चुकलं तर फोन अर्धा मिनिट थांबवतो, पण चुका साठत वीसपर्यंत गेल्या तर पिन टाकेपर्यंत बोट घेतच नाही. कणीक मळताना फोन उघडायची सवय असलेल्या माणसाला हे सांगावं लागतं.

Forgot pattern चं म्हणाल तर ती सोय अँड्रॉइड 4.4 पर्यंत होती. 2014 साली 5.0 आलं आणि ती गेली. आजच्या फोनवर मुद्दाम केलेल्या पाच चुकांनी मिळतात फक्त वाट पाहायचे 30 सेकंद, आणि पुढे चुका होत राहिल्या की ही वाट लांबत जाते. सॅमसंगच्या फोनमध्ये Auto factory reset ही सेटिंग चालू असेल तर वीस चुकांनंतर फोन आपणहून पुसला जातो. म्हणजे मेसेज ज्या चुका मुद्दाम करायला सांगतो त्या तुमच्या खऱ्या आठवणीतल्या प्रयत्नांतून वजा होतात. पिन आठवून पाहायचाच असेल तर आधी कागद घ्या. मनात येतील ते सगळे आकडे लिहा आणि टाकलेल्यावर काट मारा. पॅटर्न असेल तर नऊ ठिपके काढून बोट आपोआप कुठे वळतं ते पाहा. डोकं विसरतं ते कधीकधी हाताला आठवतं.

मी शुक्रवारी सकाळी साताऱ्याला पोहोचलो. बोटाने उघडणाऱ्या फोनमध्ये नवा पिन का लावता येत नाही, हा आत्याचा पहिला प्रश्न होता. सेटिंगमध्ये पिन बदलायला गेलं की फोन आधी जुना पिन मागतो, तिथे बोट चालत नाही. पण डेटा बाहेर काढायला पिन लागत नाही, आणि बाकी सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे. फोन बोटाने उघडून केबलने लॅपटॉपला जोडला, वरून खाली ओढल्यावर येणाऱ्या यूएसबीच्या सूचनेवर टिचकी मारून File transfer निवडलं. DCIM, Pictures, Download आणि Recordings ही फोल्डरं उचलली. मग सगळ्यात महत्त्वाचं:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp
```

काका गेल्याला दोन वर्षं झाली. त्यांचे आवाजातले निरोप या फोल्डरमध्ये होते आणि ते गूगल फोटोजमध्ये कधीच जात नाहीत, कारण ते फोटो नाहीत. शिवाय व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमधून चॅट बॅकअप हाताने चालवला आणि आजची तारीख दिसेपर्यंत थांबलो. तिथे बॅकअपला वेगळा पासवर्ड लावलेला असेल तर तो माहीत आहे ना, हेही आत्ताच पाहून घ्यायचं. संपर्कयादी .vcf फाइल करून ईमेलने पाठवली, कारण तिचे बरेच नंबर गूगल खात्यात नव्हतेच, नुसते फोनमध्ये होते. एसएमएस एका बॅकअप अॅपने फाइलमध्ये उतरवून तीही बाहेर काढली. एवढ्याला अडीच तास गेले.

दुसऱ्या मुद्द्याला फार शब्द नकोत. तो कोड काही जुन्या फोनांत नेहमीच्या डायलरवर चालायचा आणि करायचा काय, तर रिसेट! कुलूपबंद फोनच्या Emergency call पडद्यावर असले कोड चालत नाहीत. ती जागा 112 सारखे क्रमांक लावण्यासाठी आहे.

तिसरा मुद्दा एकेकाळी खरा होता, म्हणूनच तो पसरतो. जुन्या अँड्रॉइडवर गूगलच्या पानावरून दुसरा पासवर्ड बसवता यायचा. 2016 च्या अँड्रॉइड 7 पासून, फोनला आधीच कुलूप असेल तर बाहेरून ते बदलता येत नाही. चोराने तुमच्या खात्यात शिरून फोन उघडू नये म्हणून ते बरंच आहे. पण बोट अजून चालत असताना Find Hub वरून फोन लॉक केलात, तर पुढच्या वेळी फोन बोट न घेता पिनच मागेल. उरलेले तास आपल्याच हाताने घालवाल. तिथून आज खरोखर होतं ते फोनचा ठावठिकाणा पाहणं, वाजवणं, लॉक करणं आणि पुसणं.

बोट आधीच गेलं असेल तर दोन-तीन वाटा पाहण्यासारख्या आहेत. आयफोनवर आयओएस 17 पासून, पासकोड नुकताच बदललेला असेल तर 72 तासांपर्यंत Forgot Passcode? मधून आधीचा पासकोड टाकून आत जाता येतं आणि नवा लावता येतो. सॅमसंगच्या काही फोनांतही अशीच सोय आहे, आणि काहींत सॅमसंगच्या खात्यातून दूरवरून कुलूप काढता येतं, मात्र ती सेटिंग आधीपासून चालू हवी आणि फोन इंटरनेटवर हवा. मेमरी कार्ड असेल तर ते काढून कार्ड रीडरला लावून पाहा. ते फोनच्या अंतर्गत मेमरीला जोडलेलं किंवा एन्क्रिप्ट केलेलं नसेल तर त्यावरचे फोटो सरळ दिसतात. आत्याच्या फोनात यातलं काहीच नव्हतं.

चौथ्या मुद्द्याने लोकांचे पैसे जातात म्हणून मला त्याची चीड आहे. लॅपटॉपवरून gesture.key नावाची फाइल उडवून पॅटर्न काढण्याची युक्ती फार जुन्या फोनांवर चालायची, तीही फोनमध्ये आधीच खास परवानग्या दिलेल्या असतील तर. आता किल्लीच पिनशी बांधलेली असल्यामुळे कुलपाची फाइल उडवली तर कुलूप उघडत नाही, आतलं कायमचं वाचता येईनासं होतं. ही सॉफ्टवेअरं नव्या फोनवर शेवटी रिसेटच करतात. माझ्या शेजाऱ्यांनी एका दुकानात "डेटासकट" उघडून मिळेल या बोलीवर फोन दिला आणि त्यांना तो कोरा परत मिळाला.

आता पाचवा मुद्दा, कारण रिसेट शेवटी आम्हालाही करावा लागला. "सगळं गूगलवर" हे दुसऱ्या संगणकावर बसून आधी डोळ्यांनी पाहायचं असतं. photos.google.com वर शेवटचा फोटो कोणत्या तारखेचा आहे, contacts.google.com वर किती नावं आहेत, drive.google.com/drive/backups वर व्हॉट्सअॅपचा बॅकअप कधीचा आहे. आत्याचे फोटो तिथे आठ महिन्यांपूर्वीच थांबले होते.

त्याहून नडणारी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अँड्रॉइड 9 पासून फोनचा जो बॅकअप गूगलकडे जातो, त्यातला अॅपचा डेटा तुमच्या स्क्रीन लॉकनेच बंद केलेला असतो. नव्याने सुरू केलेल्या फोनवर तो परत घेताना जुन्या फोनचा पिन मागितला जातो. तोच तर आपण विसरलेलो! गूगललाही तो उघडता येत नाही. म्हणून आम्ही त्या बॅकअपवर न विसंबता सगळं फाइल म्हणून वेगळं काढलं होतं.

रिसेटनंतर फोन आधीचंच गूगल खातं मागतो, चोरीविरुद्धचा तो अडसर अँड्रॉइड 5.1 पासून आहे. त्यामुळे त्या खात्याचा पासवर्ड रिसेटच्या आधी लॅपटॉपवर चालवून पाहायचा. आत्याला तो येत नव्हता. पासवर्ड नवा करायला ओटीपी लागणार आणि सिम त्याच फोनमध्ये. बोट चालत होतं म्हणून तो वाचता आला. फोन पूर्ण बंद असता तर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालावं लागलं असतं. पासवर्ड बदलल्यावर 24 तास थांबून मग रिसेट करा असं गूगलच सांगतं, नाहीतर नवा पासवर्ड घेतला न जाण्याची भीती असते. आम्ही शुक्रवारी दुपारी तो बदलला आणि शनिवारी संध्याकाळी चहा झाल्यावर रिसेट केला.

फोन परत उभा राहायला तासभर लागला. जुना पिन मागणारा पडदा आला तिथे आम्ही पुढे गेलो, त्यामुळे कॉलची यादी आणि काही अॅपच्या सेटिंग गेल्या. चॅट आले, नंबर आले, एसएमएस फाइलमधून परत घातले. आवाजाचे निरोप व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमधून आपापल्या जागी आलेच, तरी आत्याने लॅपटॉपवरची प्रतसुद्धा एकदा लावून ऐकली. काका तिला येताना कोथिंबीर आणायला सांगत होते.